कोंबुचात दारू असते का, आणि असली तर किती?

मालवण-तारकर्लीच्या कॅफेत हल्ली कोंबुचाच्या, म्हणजे साखर घातलेला चहा आंबवून केलेल्या पेयाच्या, बाटल्या दिसायला लागल्यात, होमस्टेवाले घरी बनवून कोकमाचा, आल्याचा, हापूसचा कोंबुचा देतात, आणि मग गिऱ्हाईक हमखास विचारतं की अहो यात दारू आहे का? उत्तर कधी "छे छे, चहाच आहे तो" असं मिळतं, कधी "थोडीशी असते, पण नॅचरल" असं. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. दारू असतेच, प्रत्येक खऱ्या कोंबुचात असते, प्रश्न फक्त किती याचा आहे, आणि हे "किती" बाटलीगणिक, ब्रँडगणिक आणि ती बाटली उन्हात किती वेळ पडली होती त्यावर बदलतं. वर आता हार्ड कोंबुचा नावाचा प्रकार आलाय ज्यात बिअरएवढी किंवा बिअरपेक्षा जास्त दारू मुद्दाम आणलेली असते, त्यामुळे नाव एक आणि वस्तू दोन असा घोळ झालाय.

कोकणातल्या माणसाला हे समजवायला माडीपेक्षा सोपं काही नाही. पहाटे माडावरून उतरवलेली ताजी नीरा गोड असते, दुपारपर्यंत तिची माडी होते, आणि तीच माडी उघड्या भांड्यात बरेच दिवस राहिली की आंबट होत होत शेवटी शिरका होतो. म्हणजे साखर, मग दारू, मग आंबट. पहिली पायरी यीस्ट करतं, ते साखर खातं आणि दारू नि गॅस सोडतं. दुसरी पायरी वेगळे जीवाणू करतात, ते दारू खातात आणि तिचं ॲसेटिक ॲसिड करतात, म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा. माडीत या दोन पायऱ्या एकामागून एक होतात, कोंबुचात दोन्ही एकाच बरणीत एकाच वेळी चालू असतात, एवढाच काय तो फरक. यीस्ट मागून दारू बनवतंय आणि जीवाणू पुढून ती संपवतायत, त्यामुळे कुठल्याही क्षणी बरणीत जी दारू सापडते ती म्हणजे बनलेली वजा संपलेली, म्हणजे शिल्लक.

आणि ही शिल्लक कशावर ठरते तर मुख्य म्हणजे हवेवर. यीस्टला दारू बनवायला हवेची गरज नाही, झाकण घट्ट लावलं तरी ते आपलं काम करत राहतं. जीवाणूंना मात्र दारूचं ॲसिड करायला ऑक्सिजन लागतोच लागतो. म्हणून तर बरणीच्या तोंडाला झाकण न लावता फडकं बांधतात, आणि म्हणून ती जाड चिकट साय, जिला सगळे स्कोबी म्हणतात, पृष्ठभागावरच तयार होते, कारण ती बनवणारे जीवाणू हवेच्या जवळ राहायला बघतात. लोक त्या सायीला फार जपतात, पण खरं तर ती जीवाणूंनी विणलेल्या सेल्युलोजची चादर आहे, आणि खरं काम करणारं यीस्ट नि जीवाणू खालच्या पाण्यातही भरपूर असतात, म्हणून नवीन घाण्याला साय नसली तरी जुना आंबट कोंबुचा चांगला कपभर घातला तर काम चालतं.

आता एक हिशोब करून बघू, म्हणजे आकडे डोक्यात बसतील. समजा रत्नागिरीत मे महिन्यात कोणी चार लिटरची बरणी लावली, काळा चहा, २८० ग्रॅम साखर, आणि आधीच्या घाण्यातला थोडा कोंबुचा. म्हणजे लिटरला ७० ग्रॅम साखर, जी नेहमीचीच आहे. लक्षात ठेवायचा आकडा एकच: लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की १ टक्का दारू बनते, टक्का म्हणजे आकारमानाचा, लेबलवर एबीव्ही लिहितात तो. म्हणजे या बरणीत सगळीच्या सगळी साखर दारू झाली असती तर चार टक्क्यांपर्यंत मजल गेली असती, साधारण लाइट बिअर. तसं होत नाही कारण आठव्या दिवशी चाखून बघितलं तर अजून गोड लागतंच, समजा तेव्हा लिटरला ५० ग्रॅम साखर उरलीय. मग २० ग्रॅम गेली, त्याची दारू झाली असती एक टक्क्यापेक्षा थोडी जास्त, पण त्यातला चांगला मोठा भाग जीवाणूंनी ॲसिड करून टाकला, शिवाय थोडी साखर जीवाणू थेटही खातात आणि तिचं ग्लुकॉनिक ॲसिड करतात जे दारूच्या वाटेने जातच नाही. तर हातात राहते अर्धा टक्का, पाऊण टक्का दारू. उघड्या बरणीतल्या कोंबुचाचं हे असंच असतं, दारू पहिल्या आठवड्यात वर चढते आणि पुढे जीवाणू जोरात आले की हळूहळू खाली येते, आणि बरणी विसरून महिनाभर ठेवली तर दारू अगदी थोडी उरते पण मग ते पिण्यासारखं राहत नाही, कोशिंबिरीत घालावं लागतं.

इथपर्यंत सगळं सोपं. घोळ होतो तो बाटलीत भरल्यावर. फसफस यावी म्हणून लोक कोंबुचा बाटलीत भरून, वर हापूसचा रस किंवा कोकमाचं सरबत घालून, बूच घट्ट लावून दोन-तीन दिवस बाहेर ठेवतात. बूच लागलं की हवा बंद, हवा बंद म्हणजे जीवाणूंचं काम बंद, पण यीस्ट चालूच, आणि खायला ५० ग्रॅम साखर आधीचीच शिल्लक आहे शिवाय वरून घातलेला रस वेगळा. म्हणजे आतापर्यंत बनणारी दारू खर्च होत होती, आता नुसती जमा होणार. वर आपली हवा, मे महिन्यात स्वयंपाकघरात ३२-३३ डिग्री सहज, लाइट गेली तर पंखाही नाही, अशा गरमीत यीस्टचा वेग थंड प्रदेशातल्या माणसाच्या रेसिपीतल्या दिवसांशी जुळत नाही. "तीन ते पाच दिवस ठेवा" असं परदेशी रेसिपीत असतं ते वीस-बावीस डिग्रीच्या घरासाठी, आपल्याकडे एक-दीड दिवस बास होतो.

आता इथे एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार कामाची वाटते आणि कुणी सांगत नाही. यीस्ट दारू बनवतं तेव्हा जवळजवळ तेवढ्याच वजनाचा गॅस पण बनवतं, यात सुटका नाही. १ टक्का दारूमागे एक लिटर पेयात साधारण चार लिटर कार्बन डायऑक्साइड. बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या अडीच पटीच्या आसपास गॅस विरघळलेला असतो, कडक सोडावॉटरमध्ये चार पट. म्हणजे घट्ट बंद बाटलीत दारू फक्त एक टक्क्याने वाढली तरी आतली फसफस कडक सोड्याएवढी झालेली असते. तर बाटली उघडल्यावर बेताची फुस झाली आणि बूच नीट होतं, तर समजायचं की बाटलीत गेल्यावर दारू अर्ध्या-पाऊण टक्क्यापेक्षा जास्त वाढलेली नाही. बाटली उघडताच अर्धा माल छतावर गेला, तर एक टक्का तरी वाढ झालेली आहे असं धरायला हरकत नाही. अर्थात बूच गळकं असेल तर गॅस निघून जातो आणि दारू मात्र राहते, तेव्हा ढिल्या बुचाच्या बाटलीवर हा ठोकताळा लावू नका, आणि विकतच्या बाटलीत कंपनीने सिलिंडरने गॅस भरलेला असतो तिथेही तो चालत नाही.

यातून अजून एक गोष्ट कळते. "फ्रिजबाहेर राहिली तर कोंबुचाची स्ट्राँग बिअर होते" असं काही लोक घाबरवतात, ते घट्ट बंद बाटलीत होणं शक्य नाही, पाच टक्के दारू व्हायला वीस पट गॅस लागेल आणि त्याच्या बऱ्याच आधी बाटली फुटेल. खरा धोका तो फुटण्याचाच आहे. चौकोनी शोभेच्या काचेच्या बाटल्या अजिबात वापरू नयेत, आणि घाण्यातली एक बाटली प्लास्टिकची, सोड्याची वगैरे भरून ठेवावी, ती दाबून बघितल्यावर दगडासारखी लागली की बाकीच्या सगळ्या लगेच फ्रिजमध्ये.

आता ब्रँडचं बघू. भारतात अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ०.५ टक्क्याच्या वर दारू असली की ते मद्यपेय, खाली असली की साधं पेय. अमेरिकेतही हीच ०.५ ची रेघ आहे. वर आपण बघितलं की साध्या बरणीतला कोंबुचा याच रेघेच्या आजूबाजूला घुटमळत असतो, आणि इथेच सगळी गंमत आहे. कंपनी भरते तेव्हा बाटलीत ०.४ असेल, लेबल खोटं नसेल, पण यीस्ट जिवंत आहे, साखर आहे, बूच बंद आहे, आणि बाटली गरम ट्रकमधून निघाली. लेबलवरचा आकडा हा भरायच्या दिवसाचा, तुम्ही पिता त्या दिवसाचा नाही.

२०१० च्या जूनमध्ये अमेरिकेत हे सगळं उघड झालं. काही बाटल्यांत दारू रेघेच्या बरीच वर सापडली आणि होल फूड्स या मोठ्या दुकानसाखळीने कोंबुचा शेल्फवरून उतरवला. त्यानंतर जीटीज या सगळ्यात मोठ्या ब्रँडने ०.५ च्या आतला वेगळा माल काढला आणि जुन्या पद्धतीचा "क्लासिक" म्हणून फक्त २१ वर्षांवरच्यांना विकायला ठेवला. पुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात बाजारातले ६८४ नमुने तपासले, तिथली मर्यादा १ टक्का आहे, तरी जवळपास तिसरा हिस्सा त्याच्या वर निघाला. म्हणजे ही २०१० मधली जुनी भानगड होती आणि आता सगळं ठीक आहे असं नाही.

मग एका ब्रँडचं ०.३ आणि दुसऱ्याचं १.५ असं का होतं? एक कारण म्हणजे टाकीचा आकार, जे बाहेरून कुणाला दिसत नाही. घरच्या रुंद बरणीत हवेला लागणारा पृष्ठभाग मोठा, जीवाणू खुश. तोच कोंबुचा कोणी उंच अरुंद स्टीलच्या टाकीत हजार लिटर लावला तर वरचा थोडासाच भाग हवेला लागतो, खाली खोलवर यीस्टचं एकट्याचं राज्य, त्यामुळे तीच रेसिपी, तेवढेच दिवस, पण दारू जास्त. घरून धंद्यात उतरणारे बरेच लोक इथे चक्रावतात, कारण त्यांनी बदललेलं काहीच नसतं, भांडं फक्त मोठं केलेलं असतं. यावर उपाय म्हणून उथळ रुंद टाक्या वापरतात किंवा टाकीत हवा सोडतात.

दुसरं कारण म्हणजे बाटलीत यीस्ट जिवंत ठेवलंय का. काही ब्रँड पाश्चराइझ करतात, काही बारीक गाळणीतून यीस्ट काढून टाकतात, या बाटल्या बाहेर शेल्फवर ठेवता येतात आणि त्यातली दारू जिथल्या तिथे राहते. काही मोठे ब्रँड पूर्ण आंबवून मग कमी दाबाखाली कमी तापमानात दारू उडवून लावतात. आणि काहीजण खूप आंबट, जवळजवळ शिरक्यासारखा कोंबुचा बनवून त्यात पाणी, रस नि गॅस घालतात, त्यात दारू नगण्यच असते. "रॉ", "अनपाश्चराइझ्ड", "फ्रिजमध्येच ठेवा" असं लिहिलेली बाटली म्हणजे यीस्ट जिवंत. चार डिग्रीला ते जवळजवळ झोपतं, मरत नाही. आता पुण्या-मुंबईहून निघून आंबा घाट किंवा फोंडा घाट उतरून येणारा माल, मग खाली दुकानातला फ्रिज जो लाइट गेली की तासनतास बंद, मग परत चालू, अशा रस्त्याने आलेल्या रॉ बाटलीचा आकडा मी तरी लेबलवरून मानणार नाही. तळाला जाड गाळ बसलाय आणि बूच उघडताना फेस आवरत नाही, अशी बाटली लहान मुलाला देऊ नये एवढं तरी करावं.

हार्ड कोंबुचाचं गणित वेगळं आहे, तिथे दारू चुकून वाढत नाही, ती पाहिजेच असते. वर म्हटलं तसं घट्ट बाटलीत ते होऊ शकत नाही, आणि उघड्या बरणीतही नाही कारण जीवाणू खाऊन टाकतात, म्हणून आधी नेहमीसारखा कोंबुचा करून घेतात, मग साय बाजूला काढतात, अजून साखर घालतात, वेगळं यीस्ट घालतात, बऱ्याचदा शॅम्पेनचं कारण ते आंबट पाण्यात टिकतं, आणि टाकीला एअरलॉक लावतात, म्हणजे गॅस बाहेर जातो पण हवा आत येत नाही. आपल्या रत्नागिरीच्या बरणीचंच उदाहरण घ्यायचं तर ६ टक्के हवे असतील तर लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर यीस्टच्या पोटात जायला हवी, ५० शिल्लक होती, म्हणजे अजून तेवढीच किंवा थोडी जास्त लागेल. शिवाय चहात यीस्टला पोसणारं नत्र फार कमी, म्हणून यीस्टचं खाद्य वेगळं घालावं लागतं, नाहीतर काम मध्येच अडकतं आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. आधीच्या टप्प्यात कोंबुचा जास्त आंबट झालेला असेल तरी यीस्ट नीट उठत नाही.

त्यामुळे हार्ड कोंबुचाची ताकद ही त्या त्या ब्रँडने ठरवलेली असते, किती साखर घालायची आणि कुठे थांबायचं यावर. अमेरिकेत बूचक्राफ्टचा ७ टक्के असतो, जूनशाइनचा ६ च्या आसपास, हा दुसरा ग्रीन टी आणि मध वापरून केलेल्या "जून" नावाच्या प्रकारचा आहे, आणि काही ब्रँड मुद्दाम चार-साडेचारवर ठेवतात. काहीजण तर कोंबुचा थोडाच घेतात आणि वेगळी आंबवलेली साखरेची दारू त्यात मिसळतात, चवीला हलकं लागतं पण मग त्यात कोंबुचा किती हा प्रश्न पडतोच.

ग्लासात याचा अर्थ काय ते बघा. ३३० मिलीच्या बाटलीत ०.५ टक्के असेल तर शुद्ध अल्कोहोल सव्वा-दीड ग्रॅम. तीच बाटली बाहेर राहून दीड टक्क्यावर गेली तर चार ग्रॅम. आणि ६ टक्केवाला हार्ड कोंबुचा असेल तर पंधरा ग्रॅमच्या वर, म्हणजे ५ टक्केवाल्या बिअरच्या तेवढ्याच बाटलीपेक्षा थोडी जास्तच, आणि आंबटगोड फळांच्या चवीखाली ती जाणवत नाही. धडधाकट माणसाला सव्वा ग्रॅमने काही होत नाही. पण गरोदर बाई, दारू सोडलेला माणूस, दारू सोडण्याची डायसल्फिरामची गोळी चालू असलेला माणूस, यांना "चहाच आहे" म्हणून देणं चूक आहे, आणि ज्याला धर्मामुळे किंवा माळ घातल्यामुळे थेंबही नको असतो त्याला तर आधीच सांगायला हवं, निर्णय त्याचा त्याने घ्यावा. होमस्टेवाल्यांनी मेन्यूवर सरळ "आंबवलेलं पेय, थोडं अल्कोहोल असतं" एवढं लिहिलं तरी पुरे.

घरच्या घरी मोजता येतं का, हे पण विचारतात. बाजारात द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर मिळतो, बिअर बनवणारे आधीचा नि नंतरचा आकडा घेऊन वजाबाकी करतात आणि १३१ ने गुणतात. कोंबुचाला हे लावलं तर आकडा जास्त येतो, कारण गेलेली साखर सगळी दारूच झाली असं ते सूत्र धरून चालतं आणि इथे तर अर्धी ॲसिड झालेली असते. दुसरी युक्ती म्हणजे मोजून घेतलेला कोंबुचा गॅस काढून, घनता मोजून, मग अर्धा आटेपर्यंत उकळायचा, दारू उडून जाते, थंड करून डिस्टिल्ड वॉटर घालून परत तेवढाच करायचा आणि पुन्हा मोजायचं, फरक म्हणजे दारू. हे तत्त्वाने बरोबर आहे आणि हार्ड कोंबुचाला चालतंही, पण १ टक्का दारूने घनता जेमतेम ०.००१५ ने बदलते, अर्ध्या टक्क्याला त्याच्या निम्मी, आणि साध्या हायड्रोमीटरवरच्या दोन रेघांमधलं अंतरच ०.००१ किंवा ०.००२ असतं. म्हणजे ज्या ०.५ च्या रेघेवर सगळा कायदा उभा आहे ती या काचेच्या नळीवर दिसतच नाही. विकायचं असेल तर लॅबमध्ये गॅस क्रोमॅटोग्राफीच करून घ्यावी लागते, तीही ताज्या बाटलीची एक आणि आठवडाभर बाहेर ठेवलेल्या बाटलीची एक अशी. आणि हार्ड कोंबुचा घरी करायचा विचार असेल तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, चहापासून बनवली म्हणून त्यात सूट नाही.